लिफ्ट अडकली आहे

या सगळ्या प्रकरणात एकच तारीख हलवता येणार नव्हती, आणि ती आम्ही पाळली. बाकीच्या सगळ्या हलल्या.

मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. पाचेक वर्षांपूर्वी कंपनीत एक शिबिर झालं होतं. तिथे गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेतली, एक फॉर्म भरला, आणि मी ते साफ विसरून गेलो. दोन वर्षांनी फोन आला. तुमच्या स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, एका पेशंटशी जुळतायत, द्यायला अजून तयार आहात का? सख्ख्या भावंडांतसुद्धा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि इथे तर नात्यागोत्याचा पत्ताच नाही. मी 'हो' म्हणालो. खरं सांगायचं तर तेव्हा नीट कळलंही नव्हतं की आपण कशाला हो म्हणतोय.

मग पुन्हा रक्त तपासलं, छातीचा एक्स-रे, ईसीजी, सगळं झालं. शेवटी दात्यांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रीच्या समन्वयक ताईंनी मला समोर बसवून एक गोष्ट सांगितली. पेशी देण्याच्या आधी साधारण आठवडाभर तिकडे पेशंटला जबर केमो देतात. त्यात पेशंटची स्वतःची हाडांतली मज्जा संपून जाते. आजार जातो, पण रक्त तयार करायची सोयही जाते. "तोवर कधीही नाही म्हणा, कारणसुद्धा विचारणार नाही," ताई म्हणाल्या. "पण तिकडची केमो सुरू झाली आणि मग तुम्ही नाही म्हणालात, तर..." पुढचं वाक्य त्यांनी बोलायचं सोडून दिलं. त्या आठवड्यात मी गाडी चालवताना, जिना उतरताना, शाफ्टच्या खड्ड्यात उतरताना जितका जपून वागलो, तितका आयुष्यात कधी वागलो नाही.

देण्याआधी चार दिवस रोज पोटावर किंवा दंडावर इंजेक्शन. त्याने मज्जेतल्या पेशी भराभर वाढून रक्तात उतरतात. आणि मज्जा असते हाडांत, म्हणून दुखतात ती हाडं. कंबर, मांड्या, छातीचं मधलं हाड. ताप येण्याआधी अंग मोडून येतं ना, तसं, पण आतून कोणी पाना फिरवतंय असं. तिसऱ्या दिवशी माझ्या पांढऱ्या पेशी चाळीस हजारांच्या वर गेल्या होत्या. एरवी त्या अकरा हजारांच्या आत असतात. पॅरासिटामॉल घेतली की जरा बरं वाटायचं.

पाचव्या दिवशी पाच तास खुर्चीत. एका हातातून रक्त मशिनमध्ये जातं, हव्या त्या पेशी बाजूला काढल्या जातात, उरलेलं दुसऱ्या हातातून परत येतं. दोन्ही हात सुयांनी बांधलेले, आणि नेमकं नाक खाजतं. तिथल्या सिस्टरने ते दोनदा न सांगता खाजवून दिलं, तिचे उपकार मी विसरणार नाही. रक्त गोठू नये म्हणून त्यात जे द्रव मिसळतात, त्याने शरीरातलं कॅल्शियम कमी होतं आणि ओठांना मुंग्या येतात. मग कॅल्शियम देतात, मुंग्या जातात. शेवटी वर लटकलेली पिशवी पाहिली. टोमॅटोच्या सारासारखा रंग, तळहाताएवढी. एक माणूस ती थंड पेटीत घालून हातात धरून निघाला. ती सामानात टाकायची नसते आणि एक्स-रेच्या मशिनमधूनही न्यायची नसते.

मला पेशंटबद्दल एवढंच सांगितलं होतं: बाई, पन्नाशीच्या पुढच्या, रक्ताचा कर्करोग.

एक वर्ष भेटता येत नाही, असा नियम. नाव, गाव, हॉस्पिटल काही कळवायचं नाही. सुरुवातीला मला तो सरकारी खाक्याचा नियम वाटला, पण कारण ऐकल्यावर पटला. पहिलं वर्ष फार कच्चं असतं. पेशी रुजल्या नाहीत तर त्याच दात्याकडे पुन्हा मागावं लागतं, आणि तेव्हा ओळख झालेली असली तर त्याला मोकळेपणाने नाही म्हणता येत नाही. पेशंट गेला तर दात्याने ते ओझं घेऊन फिरू नये, हेही त्यात आलंच. पत्रं मात्र लिहिता येतात. ती ताई वाचतात, ओळख पटेल असं काही असलं तर खोडतात, आणि मग पुढे पाठवतात.

चौथ्या महिन्यात पहिलं पत्र आलं. अक्षर एकसारखं, ओळी पट्टीने मारल्यासारख्या सरळ. 'प्रिय दाता, मी [काळी पट्टी] शाळेत गणित शिकवते.' शाळेच्या नावावर काळं, शेवटच्या सहीवर काळं. मी कागद उजेडासमोर धरून पाहिला, काळ्याखालचं काही दिसतं का. नाही दिसलं. ती झेरॉक्सच होती. माझ्यासारखे बरेच जण उजेडासमोर धरत असणार, त्याशिवाय त्यांना हे सुचलं नसतं.

मी उत्तर लिहिलं. तीन ओळींचं. पुढच्या पत्रात बाईंनी लिहिलं, 'तुमची शुद्धलेखनाची चूक मी सुधारणार नाही, कारण तुमचं रक्त घेतलं आहे.' तेव्हापासून मला या बाईंना भेटायचंच होतं.

वर्ष झालं. दोघांनी संमतीच्या फॉर्मवर सह्या केल्या. तेराव्या महिन्यातला एक रविवार ठरला. चार दिवस आधी ताईंचा फोन. बाईंच्या अंगावर पुरळ उठलंय, त्वचा आवळल्यासारखी झालीय, बोटं पूर्ण मिटत नाहीत. दिलेल्या पेशी पेशंटच्या शरीराला परकं समजून त्यावरच हल्ला करतात, त्यातला हा प्रकार होता. म्हणजे माझ्याच पेशी. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. आपण दिलेली वस्तू आपल्या मागे जाऊन मारामारी करतेय, असं काहीतरी वाटत होतं. ताईंनी नंतर समजावलं की हे सौम्य असेल तर डॉक्टर फार घाबरत नाहीत, कारण त्याच पेशी उरल्यासुरल्या कर्करोगावरही तुटून पडतात. पण आवर घालायला स्टेरॉइड वाढवावं लागतं, स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबते, आणि मग बाहेरच्या माणसाला जवळ येऊ देत नाहीत. भेट बेमुदत पुढे.

एकविसाव्या महिन्यात पुन्हा ठरली. औषध बरंच उतरलं होतं. या वेळी अडलं आमच्या घरी. भेटीच्या पाच दिवस आधी पुतणीच्या पोटावर पाण्याचे फोड आले. कांजिण्या. मी ताईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मला लहानपणी येऊन गेल्यात, मला काही होत नाही.

"तुम्हाला होत नाही हो," ताई म्हणाल्या. "त्यांचं काय?"

मग कळलं ते असं. केमोत मज्जा संपते, तेव्हा लहानपणापासूनच्या आजारांची आणि लसींची शरीराने ठेवलेली आठवणही बरीचशी पुसली जाते. बाईंना कांजिण्या, गोवर, सगळं लहानपणी होऊन गेलेलं, पण आता त्याचा उपयोग नाही. लहान बाळासारख्या सगळ्या लसी पहिल्यापासून. त्यातही गोवर आणि कांजिण्यांच्या लसी जिवंत विषाणूच्या असतात, त्या तर दोन वर्षांच्या आत देतच नाहीत, आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर अजिबात नाही. कांजिण्या फोड दिसायच्या एकदोन दिवस आधीपासून पसरतात, आणि लागण झाल्यावर दिसायला एकवीस दिवसांपर्यंत लागू शकतात. घरात पुतणीचा धाकटा भाऊ होता. त्याला आल्या असत्या तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून. आम्ही कॅलेंडरवर एकवीस दिवस मोजले आणि एकोणिसाव्या दिवशी धाकट्याच्या कानामागे फोड आला. मी ताईंना फोन केला तेव्हा त्या हसल्या. मलाही हसू आलं, काय करणार. बाईंनी पत्रात लिहिलं, 'एकवीस अधिक एकोणीस, आणि अजून उत्तर आलेलं नाही.'

तिसऱ्यांदा रजिस्ट्रीचा कार्यक्रम होता. दात्यांचा सत्कार, स्टेजवर दाता आणि पेशंटची भेट, फोटो. बाईंनीच नाही कळवलं. 'भेटायचं आहे. माइकसमोर नाही.' ताई जरा हिरमुसल्या. मी सुटलो.

चौथ्यांदा मी ती मोडली. ही गोष्ट मी आजवर दोघातिघांनाच सांगितलीय. तारीख ठरली, वेळ ठरली, सगळ्यांची तब्येत ठणठणीत. आदल्या दिवशी संध्याकाळी मी ताईंना फोन करून सांगितलं की एका इमारतीत लिफ्ट अडकली आहे, उद्या सकाळपासून तिथे थांबावं लागेल, जमणार नाही. कुठलीच लिफ्ट अडकली नव्हती. मी घरी पंख्याखाली बसून होतो.

का, ते सांगतो. कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं, आजीच्या वयाच्या बाई एका पोराच्या पायांवर डोकं ठेवतायत आणि ते पोरगं गांगरून मागे सरकतंय. माझ्या डोळ्यांसमोरून ते जाईना. मी काय केलं होतं? चार दिवस हाडं दुखवून घेतली आणि पाच तास खुर्चीत पडून राहिलो. कोणी पाया पडावं असं त्यात काही नव्हतं. आणि दुसरं, जे तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही. तोवर त्या बाई म्हणजे एक अक्षर होतं, काळ्या पट्ट्या असलेलं. एकदा समोर पाहिलं, आवाज ऐकला, आणि नंतर त्यांचा आजार उलटला तर? मला ते पेलवलं नसतं. म्हणून लिफ्ट.

ताई फक्त "बरं" म्हणाल्या. त्यानंतर सहा महिने कोणी तारखेचं नाव काढलं नाही. पत्रं चालू होती, पण दोन्हीकडून हवापाण्याची.

सदतिसाव्या महिन्यात माझी वार्षिक तपासणी होती. दात्याचंही दरवर्षी रक्त तपासतात आणि तब्येतीची चौकशी करतात. सकाळी एक कॉल उरकून तसाच हॉस्पिटलला गेलो. कंपनीचा निळा शर्ट, गुडघ्यावर ग्रीसचा डाग, नखं काळी. रक्त दिलं, कोपराच्या खळगीत कापूस धरून बाकावर बसलो. ताई आत आल्या. चेहरा अगदी साधा ठेवलेला, पण हातातली फाइल त्यांनी उलटी धरली होती.

"घाई आहे का?"

"नाही. काय झालं?"

"वरच्या मजल्यावर बाई आल्यात. लस घ्यायला. मला आत्ता व्हरांड्यात भेटल्या. तुम्ही खाली आहात हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. फक्त विचारलं, दाता आज भेटू शकत असेल तर चालेल का. त्या हो म्हणाल्या. आता तुम्हाला विचारते. नाही म्हणालात तरी चालेल, मी त्यांना तुम्ही इथे होतात हे कधी सांगणार नाही."

मी शर्टाकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "त्यांनीही आज काही साडी नेसलेली नाही." मी उठलो. या वेळी मोडायला माझ्याकडे आदली संध्याकाळच नव्हती.

लिफ्टने गेलो नाही, जिन्याने गेलो.

लसीकरणाच्या खोलीत भिंतींवर ससे आणि फुगे रंगवलेले. चारपाच आया मांडीवर बाळं घेऊन बसलेल्या. एक बाळ रडत होतं, दुसरं त्याच्याकडे बघून रडायच्या तयारीत होतं. त्यांच्यात, कोपऱ्यातल्या खुर्चीत, बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांच्या एक बाई मनगटावरच्या घड्याळात बघत बसल्या होत्या. सलवार-कमीज, तोंडावर मास्क, दंडावर गोल चिकटपट्टी. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस. औषध पूर्ण बंद होऊन वर्ष झालं होतं, म्हणून आता परवानगी मिळाली होती. लस घेतल्यावर काही त्रास होत नाही ना, ते बघायला अर्धा तास बसवून ठेवतात.

ताई म्हणाल्या, "हे..." आणि थांबल्या. नाव सांगायची तीन वर्षांत सवयच नव्हती.

बाई उठल्या नाहीत. पाया वगैरे काही नाही. त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली, म्हणजे बस. मी बसलो. मग त्यांनी घड्याळ माझ्यापुढे धरलं. "बावीस मिनिटं आहेत."

मी म्हणालो, "हो." तीन वर्षं मनात जुळवून ठेवलेलं सगळं गेलं, आणि 'हो' एवढंच निघालं.

"ती लिफ्ट सुटली का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. मास्कच्या वर फक्त डोळे होते, पण शाळेत गृहपाठ न आणलेल्या पोराकडे बघतात तसे.

"अडकलीच नव्हती," मी म्हणालो.

"वाटलंच. मीही एकदा खोटं सांगितलं होतं. स्टेजच्या वेळी. माइकचं कारण पुढे केलं. खरं म्हणजे तेव्हा चेहरा सुजलेला होता स्टेरॉइडने, आणि मला तुला असं दाखवायचं नव्हतं." पत्रांत तीन वर्षं 'तुम्ही' होतं. ते 'तू' कधी झालं, त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. बाई म्हटलं की तूच म्हणणार म्हणा.

"हात बघू," त्या म्हणाल्या. मी कापूस काढला. त्यांनी कोपराची खळगी नीट पाहिली, जशी वही बघतात तशी. "इथूनच?"

"हो. आणि या हातातून परत."

"आज परत टोचलं?"

"तपासणीला."

त्यांनी आपला हात पुढे केला. बोटं आता बऱ्यापैकी मिटत होती, फक्त करंगळी थोडी उभी राहायची. त्यांनी ती मुद्दाम दाखवली, खडू धरता येतो म्हणाल्या. मी म्हणालो, माझ्यामुळे झालं ते. "तुझ्यामुळे काय काय झालं त्याची यादी मोठी आहे," त्या म्हणाल्या, "त्यात करंगळी शेवटी येते."

मग रक्तगट निघाला. त्यांचा आधी ए पॉझिटिव्ह होता, माझा बी. आता त्यांचा बी. तांबड्या पेशी बदलायला काही महिने लागले, आणि एक दिवस लॅबवाल्याने त्यांनाच सुनावलं की तुम्ही फॉर्मवर रक्तगट चुकीचा लिहिलाय. दुसरा रिपोर्ट तर त्यांनी पर्समध्येच ठेवला होता. रक्तातल्या किती पेशी दात्याच्या आणि किती स्वतःच्या, ते त्यात बघतात. शंभर टक्के दात्याच्या. "म्हणजे माझं रक्त तपासलं तर त्यात पुरुष निघतो," त्या म्हणाल्या. "बाकी मी आहे तशीच आहे." समोरच्या एका आईने दचकून आमच्याकडे पाहिलं.

मी विचारलं, लस दुखली का. फारसं नाही, म्हणाल्या, पण तो समोरचा रडायला लागला तेव्हा मलाही जरा रडावंसं वाटलं. त्यांनी मला विचारलं, तुझी पुतणी कशी आहे, कपाळावर व्रण राहिला का. राहिलाय, एक, भुवईपाशी. त्यांनी मान हलवली. त्यानंतर थोडा वेळ आम्ही दोघंही गप्प बसलो. वाईट गप्प नाही. बाळं रडत होती, ससे भिंतीवर होते. एवढ्या वेळात त्यांनी आभार असे मानले नाहीत, आणि मी ते मानले जाण्याची वाट बघत नव्हतो हे माझं मलाच तेव्हा कळलं. फक्त एकदा त्यांनी माझ्या काळ्या नखांकडे बघून विचारलं, "हे माझ्या रक्तात नाही ना आलं?"

सिस्टर दारातून आल्या. हातात यादी. "झाला अर्धा तास. काही त्रास? गरगरणं, खाज? नाही ना? मग निघा आता."

बाईंनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग सिस्टरकडे.

"थोडं गरगरतंय," त्या म्हणाल्या. "अजून दहा मिनिटं बसते."